फोटोत कापला गेलेला रकाना : काजूच्या एका लॉटचा उतारा आणि दोन इंटरव्हल

## पार्श्वभूमी

वेंगुर्ला तालुक्यातला हा एक छोटा काजू कारखाना. हंगामात आसपासच्या गावांतून काजू बी विकत घ्यायची, बॉयलरमध्ये वाफवायची, फोडायची, गर वाळवून सोलायचा आणि प्रतवारी करून डब्यांत भरायचा. बागायतदारांकडून येणारी बी सरमिसळ असते. कुणाकडे वेंगुर्ला-४, कुणाकडे वेंगुर्ला-७, तर कुणाकडे जुनी गावठी झाडं. त्यामुळे शंभर किलो बीमागे किती किलो गर हाती येणार, म्हणजे उतारा किती पडणार, हे लॉटागणिक बदलतं.

अंदाज घ्यायची रीत सगळीकडे एकच आहे : कटिंग टेस्ट. निरनिराळ्या पोत्यांतून मूठमूठ बी काढून किलोभराचा नमुना करायचा, तो कापायचा, पोचट आणि किडकी बी बाजूला सारायची आणि चांगल्या गराचं वजन करायचं. किलोमागे २८० ग्रॅम निघाला, तर टेस्ट २८ टक्के. कारखान्यातला खरा उतारा यापेक्षा नेहमीच कमी येतो, कारण टेस्टमधला गर सालीसकट आणि ओलाव्यासकट तोललेला असतो. वाळवताना पाणी जातं, सोलताना साल जाते, थोडी चुरी होते.

मालकांचा भाचा कारखान्याचा हिशेब बघतो. त्याने आधीच्या २० लॉटांची नोंदवही नीट ठेवली होती : एका रकान्यात कटिंग टेस्ट, दुसऱ्यात खरा उतारा. त्याच्या कॉलेजातल्या मित्राने त्यावर मिनिटॅब या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत सरळ रेषेचं रिग्रेशन बसवलं, म्हणजे टेस्टवरून उताऱ्याचा अंदाज देणारी रेषा काढली. एप्रिलमध्ये दहा टनांचा, म्हणजे ८० किलोच्या १२५ पोत्यांचा नवा लॉट आला. त्याची टेस्ट २८ टक्के निघाली. मित्राने तो आकडा घालून प्रिंटआउट काढून दिला. सुपरवायझरने गोदामातल्या फाइलवरच त्याचा फोटो घेतला आणि मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवला.

## अडचण

एका व्यापाऱ्याला या लॉटमधून दहा किलोचे किती डबे मिळणार, हे संध्याकाळपर्यंत पक्कं हवं होतं. सगळ्या प्रतवारी धरून डब्यांची एकूण संख्या कळवायची होती. कमी पडलेल्या प्रत्येक किलोमागे १५० रुपयांची कपात ठरली होती. जास्त निघालेला माल कारखान्याने स्थानिक बाजारात विकायचा, तिथे किलोमागे साधारण १५ रुपये कमी मिळतात.

मालकांनी फोटो पाहिला. त्यात २४.८९ ते २५.८१ असा पल्ला दिसला आणि वर ९५ टक्के लिहिलेलं होतं. दहा टनांवर २४.८९ टक्के म्हणजे २४८९ किलो. त्यांनी २४८ डबे सांगायचं ठरवलं. भाच्याला हा पल्ला फारच चिंचोळा वाटला. वहीत एवढी चढउतार असताना नवा लॉट इतका शहाण्यासारखा कसा वागेल, ही त्याची शंका होती. तो फोटो त्याने माझ्याकडे पाठवला. मी संख्याशास्त्र शिकवते, आणि शिकवण्यातली एक जुनी गल्लत इथे खऱ्या मालावर आलेली दिसत होती.

## फोटोत काय होतं, काय नव्हतं

कागद फाइलमध्ये क्लिपला अडकवलेला होता आणि उजवी कड दुमडली होती. फोटो तिथेच संपत होता. वरून प्लास्टिकवर ट्यूबलाइटची चकाकी पडून `S =` च्या पुढचा आकडा पांढरा झाला होता. बाकीचं वाचता येत होतं :

```
Predictor    Coef  SE Coef     T      P
Constant    1.550    3.420  0.45  0.656
CutTest    0.8500   0.1265  6.72  0.000

Source          DF      SS      MS      F      P
Regression       1  28.900  28.900  45.16  0.000
Residual Error  18  11.520   0.640
Total           19  40.420

Predicted Values for New Observations
New Obs     Fit  SE Fit        95% CI
      1  25.350   0.219  (24.890, 25.810)
```

या छपाईत `95% CI` च्या उजवीकडे, त्याच ओळीत, `95% PI` नावाचा आणखी एक रकाना असतो. नेमका तोच दुमडीत गेला होता. शिवाय तक्त्याचं शीर्षकच ‘नव्या निरीक्षणांसाठी भाकित’ अशा अर्थाचं. त्यामुळे खाली जो एकच पल्ला दिसतो तो नव्या लॉटचाच असणार, असं कुणालाही वाटेल. मालकांचं वाचन अडाणीपणाचं मुळीच नव्हतं. कागद तसं वाचायलाच लावत होता.

दोन्ही इंटरव्हलचा मध्य एकच असतो, इथे २५.३५. फरक प्रश्नात आहे. `CI` म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल विचारतो : ज्यांची टेस्ट २८ आली अशा सगळ्या लॉटांचा सरासरी उतारा कुठे असेल? म्हणजे रेषा त्या जागी किती पक्की आहे. `PI` म्हणजे प्रेडिक्शन इंटरव्हल विचारतो : टेस्ट २८ असलेला हा एकच लॉट फोडला तर उतारा कुठे पडेल? या दुसऱ्या प्रश्नात रेषेची अनिश्चितता तर येतेच, शिवाय प्रत्येक लॉट रेषेपासून जो वरखाली होतो ती चढउतारही येते. व्यापाऱ्याला सरासरी विकायची नव्हती. या १२५ पोत्यांतून निघणारे डबे विकायचे होते.

भाच्याला हे सूत्राने पटवण्यापेक्षा वहीने पटवणं सोपं होतं. मी त्याला म्हटलं, “रेषेपासून ०.४६ पेक्षा जास्त दूर गेलेले जुने लॉट मोज.” कारण फोटोतला पल्ला मध्यापासून दोन्हीकडे ०.४६ एवढाच होता. त्याने मोजले. २० पैकी ११ लॉट बाहेर निघाले. जो पल्ला जुन्या लॉटांपैकी निम्म्यांनाही सामावत नाही, तो नव्या लॉटला ९५ टक्के खात्रीने सामावेल हे शक्यच नाही. तो लगेच म्हणाला, “म्हणजे मॅडम, हे ९५ टक्के भलत्याच गोष्टीचे आहेत.”

## हरवलेला रकाना परत कसा काढला

सोपा उपाय दुसरा फोटो मागवण्याचा होता. पण सुपरवायझर बी आणायला आतल्या गावात गेला होता, फोन लागत नव्हता, गोदामाला कुलूप होतं. सुदैवाने फोटोत उरलेल्या आकड्यांत लागणारं सगळं होतं.

सूत्र असं :

```
PI = Fit ± t × sqrt(S² + SEfit²)
```

`Fit` आणि `SE Fit` समोर होते. `S`, म्हणजे लॉट रेषेपासून साधारण किती वरखाली होतात त्याचं माप, चकाकीत गेला होता, पण `Residual Error` च्या ओळीतला `MS` म्हणजेच S चा वर्ग. तो ०.६४०, म्हणून S = ०.८००. उरला t, म्हणजे पल्ला किती रुंद धरायचा हे ठरवणारा गुणक. त्याच ओळीत स्वातंत्र्यांश १८ दिलेत, आणि ९५ टक्क्यांसाठी १८ ला t तक्त्यात २.१०१ येतो. तक्ता हाताशी नसता तरी फोटोच सांगत होता : कॉन्फिडन्स इंटरव्हलची अर्धी रुंदी ०.४६० भागिले `SE Fit` ०.२१९, उत्तर २.१००. तिसऱ्या दशांशातला फरक छपाईत आकडे गोल केल्यामुळे.

हा भागाकार आणखी एका कामाचा आहे. कधी कधी उलटा फोटो येतो, रकान्याचं शीर्षक कापलेलं आणि पल्ला तेवढा दिसतोय. तेव्हा अर्ध्या रुंदीला `SE Fit` ने भागावं. उत्तर दोनच्या आसपास आलं, तर तो कॉन्फिडन्स इंटरव्हल. बरंच मोठं आलं, तर प्रेडिक्शन इंटरव्हल. इथल्या हरवलेल्या रकान्यासाठी तेच उत्तर आठच्या आसपास येतं.

आता बेरीज. ०.८ चा वर्ग ०.६४, ०.२१९ चा वर्ग ०.०४८. बेरीज ०.६८८, वर्गमूळ ०.८२९५. त्याला २.१०१ ने गुणलं की १.७४. म्हणजे प्रेडिक्शन इंटरव्हल २३.६१ ते २७.०९. किलोत सांगायचं तर खालची कड २४८९ नव्हे, २३६१. या बेरजेकडे थोडं थांबून पाहावं : ०.६८८ मधला ०.६४ हा लॉटांच्या स्वतःच्या चढउताराचा, आणि रेषेच्या अनिश्चिततेचा वाटा फक्त ०.०४८. मालकांनी जो पल्ला धरला होता तो या लहान तुकड्यावर उभा होता.

उजव्या कडेला आणखी एक गोष्ट छापली जाते, तीही फोटोत गेली होती. नवा x, म्हणजे इथे नवी टेस्ट, जुन्या आकड्यांपासून फार दूर असेल तर मिनिटॅब इंटरव्हलच्या पुढे `X` किंवा `XX` अशी खूण करतो. ती होती की नव्हती, हेही काढता येतं. ०.०४८ भागिले ०.६४ म्हणजे ०.०७५, हे त्या अंतराचं माप. जुन्या २० बिंदूंसाठी याच मापाची सरासरी २/२०, म्हणजे ०.१ असते. नवा लॉट सरासरीपेक्षाही आतला होता, तेव्हा खुणेचा प्रश्न नव्हता. टेस्ट ३१ आली असती तर गोष्ट वेगळी होती. आधीच्या लॉटांत ३० च्या वर एकही नव्हता.

## कोणते पर्याय तोलले

मालक मालवणीत स्पष्ट म्हणाले, “माका पल्लो नको, एकच आकडो सांगा. कितके डबे बोलू?” मागणी रास्त होती. करारात पल्ला लिहिता येत नाही.

पहिला पर्याय २४८ डब्यांवर ठाम राहण्याचा. त्याची जोखीम काढली. २४.८० हा आकडा मध्यापासून ०.५५ खाली आहे. ०.८२९५ ने भागलं की ०.६६. १८ स्वातंत्र्यांशांच्या t वर याच्या खाली पडण्याची शक्यता साधारण २६ टक्के. मालकांच्या मनात ती दोन-अडीच टक्के होती, निघाली चारात एक.

दुसरा पर्याय प्रेडिक्शन इंटरव्हलची खालची कड धरायची, म्हणजे २३६ डबे. भाच्याचा कल इकडे होता. पण इथे मी त्याला थांबवलं. ९५ टक्क्यांच्या दुहेरी पल्ल्यात अडीच टक्के खाली आणि अडीच टक्के वर ठेवलेले असतात. उतारा फार चांगला पडला तर मालकांचं काही बिघडत नव्हतं, चिंता फक्त खालच्या बाजूची होती. तेव्हा एका बाजूची मर्यादा हवी. आणि ती किती टक्क्यांची, हे ९५ या सवयीच्या आकड्याने ठरवायचं कारण नाही. कमी पडलं तर किलोमागे १५० जातात, जास्त झालं तर १५. या दोन्हींचा तोल जिथे साधतो, तिथे कमी पडण्याची शक्यता १५ भागिले १६५, म्हणजे साधारण नऊ टक्के असावी. सोयीसाठी दहा टक्के धरले. १८ ला एका बाजूचा दहा टक्क्यांचा t १.३३०. गुणिले ०.८२९५ म्हणजे १.१०. २५.३५ मधून वजा केले की २४.२५. म्हणजे २४२ डबे.

तिसरा पर्याय मला स्वतःला सगळ्यात आवडला होता : या एका लॉटऐवजी पुढचे मिळून पाच लॉट एकत्र धरून आकडा द्यायचा. पाचांच्या सरासरीत चढउतार एकमेकांना बरीचशी छाटतात. सूत्रात S च्या वर्गाला पाचने भागायचं. सगळ्यांची टेस्ट २८ च्या आसपास असेल तर अर्धी रुंदी १.७४ वरून ०.८८ वर येते. व्यापाऱ्याला विचारलंही. पण त्याला माल लवकर हवा होता, पाच लॉट फुटेपर्यंत थांबायला तो तयार नव्हता.

## काय केलं आणि काय झालं

मालकांनी २४२ डबे कळवले. व्यापाऱ्याने थोडी कुरकुर केली, मग मान्य केलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने कागद क्लिपमधून काढून सपाट ठेवून पुन्हा फोटो पाठवला. दुमडीतला रकाना होता `(23.607, 27.093)`, पुढे कुठलीही खूण नव्हती.

लॉट फुटून, वाळून, सोलून पूर्ण झाला तेव्हा गर भरला २४४६ किलो. उतारा २४.४६. कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या बाहेर, प्रेडिक्शन इंटरव्हलच्या आरामात आत. २४२ डबे गेले, २६ किलो स्थानिक बाजारात विकला. २४८ बोलले असते तर ३४ किलो कमी पडून ५१०० रुपये कापले गेले असते.

या एका निकालावरून पद्धत सिद्ध झाली, असं मी मानत नाही. उतारा २५.५ पडला असता तरी २४८ चं वाचन चुकीचंच राहिलं असतं. तसंच तो २४.१ पडून २४२ डबेही भरले नसते, तरी २४२ चा निर्णय बरोबरच होता. दहात एकदा तसं होणार हे धरूनच तो घेतलेला होता.

## काय वेगळं करता आलं असतं

निर्णयाआधी वहीतले लॉट आणखी बारकाईने पाहायला वेळ हवा होता. नंतर पाहिलं तेव्हा रेषेच्या सगळ्यात खाली गेलेले दोन लॉट मे अखेरचे निघाले, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर घेतलेले. ओली बी कापताना गर जड भरतो, टेस्ट फुगते, आणि वाळवल्यावर उतारा घसरतो. एप्रिलच्या कोरड्या लॉटसाठी ही दोन निरीक्षणं S उगाच वाढवत होती, असं म्हणता येईल. तरी ती वगळून नवा पल्ला काढायला मी नकार दिला असता. निकाल हवा तसा यावा म्हणून नकोसे लॉट गाळणं आणि ओलावा मोजून मॉडेलमध्ये आणणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत ओलाव्याचा रकानाच नव्हता.

याला जोडून एक मर्यादा सांगायला हवी. लॉट रेषेभोवती साधारण नॉर्मल वितरणाने पसरतात, असं प्रेडिक्शन इंटरव्हल गृहीत धरतो. कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या बाबतीत हे गृहीतक थोडं ढळलं तरी निरीक्षणं वाढली की सरासरी सावरून घेते. एका लॉटसाठी सावरणारं कुणी नसतं. खाली लोंबणारे दोन पावसाळी लॉट म्हणजे शेपूट खालच्या बाजूला लांब असण्याचं लक्षण आहे. मे अखेरच्या लॉटसाठी हीच दहा टक्क्यांची मर्यादा वापरली, तर खरी जोखीम दहापेक्षा जास्त असेल.

भाच्याचा पुढचा प्रश्न होता, वहीत २०० लॉट झाले की पल्ला अरुंद होईल का? कॉन्फिडन्स इंटरव्हल होईल, ०.४६ वरून साधारण ०.१४ पर्यंत. प्रेडिक्शन इंटरव्हल १.७४ वरून जेमतेम १.५८ वर येईल, कारण ०.६४ हा तुकडा लॉट वाढवून कमी होत नाही. तो कमी करायचा तर चढउताराचं मूळच धरावं लागतं. १२५ पोत्यांसाठी किलोभराचा एकच नमुना, हे त्यातलं एक मूळ. वेगवेगळ्या पोत्यांतून तीन नमुने कापून सरासरी घेतली तर टेस्टमधली गडबड कमी होते आणि लॉट रेषेच्या जवळ बसू लागतात. मात्र एक पथ्य आहे : जुने २० लॉट एका नमुन्याचे आणि नवे तीनचे, असे एकाच रेषेत कोंबू नयेत. तीन नमुन्यांचे पुरेसे लॉट साठले की रेषा नव्याने बसवावी.

छपाईचं काम आता भाचा स्वतः आर मध्ये करतो, दोन्ही पल्ले एकाखाली एक येतील असं :

```
nava <- data.frame(CutTest = 28)
predict(fit, nava, interval = "confidence")
predict(fit, nava, interval = "prediction")
```

`interval` लिहिलं नाही तर आर फक्त मधला आकडा देतो, म्हणून ते शब्द गाळायचे नाहीत. शेवटच्या ओळीच्या उत्तराखाली तो एका बाजूची दहा टक्क्यांची मर्यादा हाताने लिहितो, आणि मालकांना जाणाऱ्या फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत असं त्याने सुपरवायझरला सांगून ठेवलंय. वहीत ओलाव्याचा रकाना वाढला आहे. तीन नमुन्यांचे लॉट अजून थोडे आहेत, त्यामुळे तूर्त नवे करार जुन्याच रेषेवर आणि त्यासाठी आधीसारखाच एक नमुना कापून ठरतात.